रुजू होईल की रुजू होईन?

जून २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या मुलीला एका नागरी सहकारी बँकेकडून कनिष्ठ अधिकारी पदाचे नियुक्तिपत्र आले. ती तेव्हा एका पतसंस्थेत कामाला होती. बँकेचा सगळा पत्रव्यवहार मराठीत, त्यामुळे होकाराचा ईमेलही मराठीतच जायला हवा होता. तिने मसुदा लिहिला आणि माझ्याकडे पाठवला, कारण मी वर्षानुवर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. सोबत एकच ओळ होती : ‘काका, फक्त शुद्धलेखन बघा, बाकी सगळं ठीक आहे.’

मसुदा असा होता :

‘विषय : ऑफर लेटर बाबत. आदरणीय सर, आपणांस कळविण्यात येते की मला आपले नियुक्तीपत्र मिळाले व ते वाचून मला अतिशय आनंद झाला. आपण मला दिलेल्या संधीबद्दल मी आपली आयुष्यभर ऋणी राहील. मी सदर ऑफरचा स्विकार करू इच्छिते. परंतु माझ्या नोटीस पिरियड मुळे मी १४ जुलै ऐवजी २१/७ पर्यंत रूजू होईल. तरी कृपया अटीसह मान्यता द्यावी ही विनंती. आपली विश्वासू.’

शुद्धलेखनाच्या चुका दिसायला वेळ लागत नाही. ‘रूजू’ नव्हे, ‘रुजू’. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, म्हणून रु पहिला आणि जू दुसरा. ‘स्विकार’ नव्हे, ‘स्वीकार’. हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे आणि तिथला दीर्घ ईकार मराठीतही राहतो. ‘नियुक्तीपत्र’ ही चूक तर छापील लेटरहेडवरही सर्रास दिसते. एकटा शब्द लिहिताना ‘नियुक्ती’ दीर्घच, पण समासात तो पहिला आला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व इकार परत येतो. म्हणून नियुक्तिपत्र, आणि त्याच न्यायाने कार्यमुक्तिपत्र. ‘लेटर बाबत’, ‘पिरियड मुळे’, ‘जुलै ऐवजी’ इथे जागा सोडायची नाही, कारण बाबत, मुळे, ऐवजी ही शब्दयोगी अव्यये मागच्या शब्दाला जोडूनच लिहायची असतात. ऱ्हस्व-दीर्घाचे हे नियम मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत आहेत. त्यातले पहिले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली.

एवढे दुरुस्त करून मसुदा परत पाठवला असता तर तो शुद्ध झाला असता आणि तरीही पाठवण्याजोगा झाला नसता. मुद्रितशोधक काना-मात्रा बघतो असा समज आहे. खरे तर वाक्य जे सांगू पाहते ते सांगते आहे की नाही, हे तो आधी बघतो. या ईमेलला दोनच गोष्टी सांगायच्या होत्या. नोकरी मान्य आहे आणि अमुक दिवशी येते आहे. मसुद्यात या दोन्ही गोष्टी कुठेच नव्हत्या.

पहिली बघू. ‘मी सदर ऑफरचा स्वीकार करू इच्छिते.’ इच्छिते म्हणजे इच्छा आहे. स्वीकार केला की नाही, हे वाक्य सांगत नाही. तिला हे वाक्य नम्र वाटले, आणि आपल्याकडे सरळ होकार देणे उद्धटपणाचे वाटते हे मी समजू शकतो. पण समोरच्या मनुष्यबळ विभागातल्या माणसाला यादीत तिच्या नावापुढे ‘होकार आला’ असे लिहायचे असते, आणि त्यासाठी त्याला क्रियापद लागते. ‘स्वीकारत आहे’, ‘स्वीकारली आहे’ किंवा नुसते ‘मला मान्य आहे’, यांपैकी कोणतेही चालेल. यात ‘स्वीकारली’ लिहायचे तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलते हे लक्षात ठेवावे लागते. नियुक्ती स्वीकारली, प्रस्ताव स्वीकारला, पद स्वीकारले. लिहिणारी मुलगी असो की मुलगा, इथे फरक पडत नाही. ‘स्वीकारत आहे’ या रूपात ही कटकटच नाही, म्हणून मी तेच सुचवतो.

दुसरे वाक्य अधिक घातक होते : ‘मी रुजू होईल.’ ‘मी येईल’, ‘मी करेल’, ‘मी पाठवेल’ हे आता इतके कानावर पडते की लिहिताना हात थांबत नाही. पण भविष्यकाळात ‘होईल’ हे तो, ती किंवा ते यांचे रूप आहे. मी म्हटले की ‘होईन’, ‘येईन’, ‘पाठवीन’. ‘ऋणी राहील’ हेही तसेच, ‘राहीन’ हवे. बोलताना कोणी अडवत नाही. नेमणुकीच्या पत्रव्यवहारात मात्र रुजू होण्याचे वाक्य हे लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल दिलेले वचन असते, आणि नेमक्या त्याच वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांची फारकत झाली तर वाचणाऱ्याला ते खटकते. बँकेतल्या जुन्या अधिकाऱ्यांना तर नक्कीच खटकते.

‘२१/७ पर्यंत’ यातही वचन निसटले आहे. पर्यंत म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधी कधीही. बँकेला टेबल, संगणकाचा पासवर्ड, हजेरीपटावर नाव हे एका ठरलेल्या दिवशी तयार ठेवायचे असते. तिथे ‘रोजी’ हवे. ‘शक्यतो’, ‘साधारण’, ‘रुजू होण्याचा प्रयत्न करीन’ हे शब्दही याच कारणाने या वाक्यात बसत नाहीत. तारीख लिहिताना महिना अक्षरात आणि वर्ष पूर्ण लिहावे, शिवाय वार लिहावा. वार लिहिल्याने तारीख आपोआप तपासली जाते. ‘सोमवार, २२ जुलै २०२५’ असे कोणी चुकून लिहिले तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, कारण त्या दिवशी मंगळवार होता. नुसत्या २२/७ मध्ये ती चूक तशीच दडून राहते.

आणि मग आला ‘परंतु’. इथे मी काम थांबवले आणि तिला फोन केला.

बँकेच्या पत्रात रुजू होण्याची तारीख सोमवार, १४ जुलै २०२५ होती. पत्र शुक्रवारी, १३ जूनला आले होते आणि शुक्रवार, २० जूनपर्यंत होकार कळवायचा होता. तिच्या पतसंस्थेत राजीनामा दिल्यावर तीस दिवस काम करावे लागत होते. म्हणजे १४ जुलै गाठायचा तर राजीनामा होकाराच्या आधीच द्यायला हवा होता. तिने तो दिला नव्हता, आणि हे तिने फार शहाणपणाचे केले होते. अडचण अशी की होकार देता देता तिने तारीखही बदलून टाकली होती. ‘मान्य आहे, परंतु २१ तारखेला येईन’ हे बोलताना होकारासारखे ऐकू येते. कायद्याच्या नजरेने तो होकार नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचे सातवे कलम सांगते की प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो, तरच प्रस्तावाचे वचनात रूपांतर होते. नोकरीचा देकार हा प्रस्तावच आहे आणि रुजू होण्याची तारीख ही त्यातली एक अट. अट बदलून दिलेला होकार हा नवा, उलट प्रस्ताव ठरतो आणि त्यामुळे मूळ प्रस्ताव संपतो. या तत्त्वाचा दाखला म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना १८४० चा इंग्लंडमधला हाइड विरुद्ध रेंच हा खटला शिकवतात. रेंचने शेत हजार पौंडांना देऊ केले, हाइडने साडेनऊशे सांगितले, रेंचने नकार दिला. मग हाइड म्हणाला, ठीक आहे, हजार घ्या. तोवर उशीर झाला होता. साडेनऊशे म्हणताच हजाराचा प्रस्ताव संपला होता आणि करार झालाच नाही, असे न्यायालयाने ठरवले.

आता हा मसुदा तसाच गेला असता तर बँक लगेच दार लावून घेईल असे नाही. बहुतेक ठिकाणी एक फोन येतो, तारीख बदलून मिळते आणि विषय संपतो. पण प्रतीक्षायादीवर दुसरा उमेदवार असेल, विभागाला माणूस घाईने हवा असेल, तर ‘आपण आमच्या अटींवर होकार कळवला नाही’ असे म्हणायला बँकेला जागा मिळते. आणि दरम्यान तिने राजीनामा दिलेला असेल तर ती दोन्हीकडून गेली. ‘परंतु’ या शब्दाची एवढी किंमत होऊ शकते. मसुद्यातल्या शेवटच्या वाक्याने तर गोंधळात भर घातली होती. तिला ‘अटींसह’ म्हणायचे होते, म्हणजे बँकेच्या सगळ्या अटी मान्य आहेत असे. एक अनुस्वार गळला आणि झाले ‘अटीसह मान्यता द्यावी’, म्हणजे माझी एक अट आहे, तिच्यासकट मला मान्यता द्या.

यावर उपाय एकच, तो म्हणजे एका ईमेलचे दोन ईमेल करणे. आधी विचारायचे, उत्तर आले की मग स्वीकारायचे. विचारणे आणि अट घालणे यांत कायदाही फरक करतो. स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन या १८८० च्या खटल्यात लोखंड विकत घेणाऱ्यांनी, माल दोन महिन्यांत टप्प्याने मिळेल का, अशी नुसती विचारणा केली होती. ही चौकशी आहे, उलट प्रस्ताव नाही, म्हणून मूळ प्रस्ताव जिवंतच राहतो, असा निकाल तिथे लागला. म्हणजे वाक्य प्रश्नार्थक ठेवायचे. ‘मी २१ तारखेला येईन’ असे न लिहिता ‘२१ तारखेला आले तर चालेल का’ असे विचारायचे, अर्थात पत्राच्या भाषेत.

तारखेचे गणित आम्ही फोनवरच मांडले. बँकेचे उत्तर मंगळवारपर्यंत येईल असे धरले तर राजीनामा बुधवारी, १८ जूनला देता येणार होता. राजीनाम्याचा दिवस सोडून मोजले तर १९ ते ३० जून हे बारा दिवस आणि जुलैचे अठरा, असे तीस दिवस १८ जुलैला पुरे होतात. तो शुक्रवार होता. शनिवार-रविवार घराची बांधाबांध करायला आणि सोमवारी, २१ जुलैला नवी नोकरी. राजीनाम्याचा दिवस धरायचा की सोडायचा, हे तिने आपल्या पतसंस्थेच्या कार्यालयात विचारून घेतले. ते आपल्या मनाने ठरवायचे नसते. नियमांत ‘तीस दिवस’ आहे की ‘एक महिना’, हेही बघावे लागते, कारण दोन्हींचा शेवटचा दिवस दर वेळी एकच येतो असे नाही.

पहिला ईमेल असा झाला :

‘विषय : नियुक्तिपत्र, १३ जून २०२५ – रुजू होण्याच्या तारखेबाबत विनंती

माननीय महोदय, नमस्कार.

आपले १३ जून २०२५ रोजीचे नियुक्तिपत्र मिळाले. त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पत्रात रुजू होण्याची तारीख सोमवार, १४ जुलै २०२५ अशी आहे. सध्याच्या संस्थेच्या नियमानुसार राजीनामा दिल्यानंतर मला तीस दिवस काम करावे लागते. बुधवार, १८ जून रोजी राजीनामा दिल्यास माझा तेथील शेवटचा दिवस शुक्रवार, १८ जुलै हा असेल. त्यामुळे मला सोमवार, २१ जुलै २०२५ रोजी रुजू होता येईल का, हे कृपया कळवावे.

आपली विश्वासू’

यात होकार नाही आणि नकारही नाही. कारण दिले आहे, ते तपासता येईल असे आहे, आणि मागणी एका तारखेची आहे. घरच्या अडचणी, आजारपण, प्रवास यांतले काही नाही. अशा पत्रात एकच कारण असावे. दोन कारणे दिली की वाचणाऱ्याच्या मनात त्यांतले खरे कोणते, असा प्रश्न उभा राहतो.

हा ईमेल सोमवारी सकाळी गेला. मंगळवारी दुपारी बँकेचे उत्तर आले, ‘२१ जुलै मान्य, उर्वरित अटी पूर्ववत’. मग दुसरा लिहिला :

‘विषय : कनिष्ठ अधिकारी पदावरील नियुक्तीचा स्वीकार – रुजू होण्याची तारीख २१ जुलै २०२५

माननीय महोदय, नमस्कार.

आपले १३ जून २०२५ रोजीचे नियुक्तिपत्र आणि रुजू होण्याच्या तारखेतील बदल मान्य करणारा आपला १७ जूनचा ईमेल, दोन्ही मिळाले. कनिष्ठ अधिकारी या पदावरील नियुक्ती मी त्यांतील सर्व अटींसह स्वीकारत आहे. मी सोमवार, २१ जुलै २०२५ रोजी सकाळी १० वाजता मुख्य कार्यालयात रुजू होईन. स्वाक्षरी केलेली नियुक्तिपत्राची प्रत सोबत जोडली आहे. रुजू होताना कोणती मूळ कागदपत्रे आणावीत, हे कृपया कळवावे. आपण दिलेल्या संधीबद्दल मी आभारी आहे.

आपली विश्वासू’

मूळ मसुद्यातले ‘आपणांस कळविण्यात येते की’ यात नाही. ती कार्यालयाची भाषा आहे, वरून खाली येणाऱ्या आदेशाची. कळवणारे कार्यालय असते तेव्हा कर्ता दडवणे चालते. नोकरी स्वीकारणारी व्यक्ती मात्र ‘मी’ म्हणून समोर असली पाहिजे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘संदर्भीय विषयान्वये’ हेही याच कपाटातले शब्द. ते घातल्याने पत्र औपचारिक होत नाही, फक्त लांबते. ‘आयुष्यभर ऋणी राहीन’ हेही काढले. निवड परीक्षेतल्या आणि मुलाखतीतल्या कामगिरीवर झाली आहे, तिथे उपकाराची भाषा लिहिणाऱ्याला उगाच खाली आणते. आभार एकदा मानले की पुरेत. ‘आदरणीय सर’ बदलले, कारण पत्र मनुष्यबळ विभागाच्या पत्त्यावर जाणार होते आणि उघडणारे सर आहेत की मॅडम, हे कोणाला ठाऊक! रूढीने ‘महोदय’ चालते. नाव माहीत असेल तर नावानेच संबोधावे.

पगाराचा आकडाही मी मुद्दाम येऊ दिला नाही. नियुक्तिपत्राची तारीख आणि पदाचे नाव दिले की त्यातल्या सगळ्या अटी आपोआप आल्या. आकडा पुन्हा लिहायला गेले आणि एक शून्य इकडचे तिकडे झाले तर होकार नेमका कोणत्या रकमेला, असा वाद नको. मुलाखतीत तोंडी ठरलेली पण पत्रात न आलेली गोष्ट, समजा सहा महिन्यांनी पगारवाढ, होकाराच्या ईमेलमध्ये घुसवायची नाही. ती तारखेसारखीच आधी विचारायची आणि लेखी उत्तर घ्यायचे.

एक तांत्रिक गोष्ट. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेले पत्र समोरच्याच्या पडद्यावर अगम्य खुणांचे होऊन बसते, कारण तो फाँट त्याच्याकडे नसतो. ईमेल युनिकोडमध्येच टंकावा आणि आधी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून फोनवर उघडून बघावा. जोडाक्षरे आणि अनुस्वार तिथे नीट दिसले की झाले. स्वाक्षरी केलेल्या प्रतीची पीडीएफ जोडली आहे ना, आणि तिची सगळी पाने आली आहेत ना, हेही त्याच वेळी दिसते.

ईमेलने दिलेला होकार टिकतो का, असे पुष्कळ जण विचारतात. टिकतो. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ आले आणि केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अमान्य ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. होकारानंतर कोणी रुजू झालेच नाही तर न्यायालय त्याला ओढून कामावर बसवत नाही, कारण व्यक्तिगत सेवेच्या कराराची तशी सक्तीची अंमलबजावणी करता येत नाही. मात्र पत्रात बाँडची किंवा भरपाईची अट असेल तर तिचा प्रश्न उरतो. म्हणून ‘सर्व अटींसह’ हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी त्या अटी शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या असाव्यात.

होकार नियुक्तिपत्र ज्या पत्त्यावरून आले त्याच पत्त्यावर, त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवावा, म्हणजे सगळा व्यवहार एका धाग्यात राहतो. पाठवल्यावर पत्ता चुकल्याची सूचना परत आली नाही ना, हे पाहावे आणि पोच मागावी. राजीनामा त्यानंतरच द्यावा. जुन्या संस्थेकडून कार्यमुक्तिपत्र घेताना त्यावरची तारीख नव्या नोकरीच्या तारखेच्या आधीची आहे, हे तिथल्या तिथे बघून घ्यावे. या मुलीच्या पत्रावर १८ जुलै हवी होती. त्याऐवजी २१ पडली असती तर एकाच दिवशी ती दोन ठिकाणी कामाला होती असे कागदावर दिसले असते, आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते नव्या बँकेकडे वर्ग करताना त्याचे स्पष्टीकरण द्यायची वेळ येऊ शकली असती.